दोन हजारांची मर्यादा मराठीत कशी लिहावी

घरी येऊन कपडे नेणाऱ्या आणि ड्रायक्लीन करून परत आणून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच शहरांत आहेत. अ‍ॅपवर कपड्यांची नोंद करताना 'अटी व शर्ती मान्य आहेत' असा एक चौकोन येतो आणि त्यामागे एक लांबलचक पान असते. अशा पानांचे साध्या मराठीत रूपांतर करण्याची मागणी अलीकडे वाढली आहे, आणि ती रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे काम भाषा सोपी करण्याचे जितके आहे तितकेच आकडे आणि अपवाद जपण्याचे आहे. आणि हे दोन्ही एकत्र साधता येते. सोपे केले की कायद्याची धार जाते, ही समजूत वकिलांमध्येही आहे आणि भाषेच्या लोकांमध्येही. ती चुकीची आहे.

एक कलम घेऊ. अशा पानांवर हमखास सापडणाऱ्या मजकुरावरून ते मी नमुन्यादाखल जुळवले आहे. सरकारी वळणाच्या मराठीत ते असे दिसते :

'कायद्याने अनुज्ञेय असलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, कोणत्याही आनुषंगिक अथवा परिणामस्वरूप हानीस, ज्यात संधीच्या हानीचा समावेश आहे परंतु तेवढ्यापुरते मर्यादित नाही, कंपनी जबाबदार राहणार नाही; आणि कंपनीचे एकूण दायित्व, ते कोणत्याही कारणास्तव उद्भवलेले असो, संबंधित कपड्याच्या धुलाई शुल्काच्या दहापट रक्कम अथवा रु. २,००० यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असणार नाही.'

हे वाचून कोणाला काही कळेल असे वाटत नाही. तेव्हा एखादा हुशार मजकूर लेखक ते असे सोपे करतो : 'कपडा हरवला किंवा खराब झाला तर आम्ही धुलाईच्या दहापट, जास्तीत जास्त २,००० रुपये देऊ. याशिवाय कशालाही आम्ही जबाबदार नाही.' वाचायला छान. आकडाही बरोबर उतरला आहे, कारण 'दहापट, जास्तीत जास्त २,०००' आणि 'दोन्हींपैकी जे कमी ते' यांचा हिशेब एकच येतो. तरीही हा करार मूळ करार राहिलेला नाही. तो काही बाबतींत मुळापेक्षा उदार झाला आहे आणि काही बाबतींत मुळापेक्षा कठोर.

उदार कसा, ते पाहा. मूळ कलमात २,००० हे छत आहे. जबाबदारी ठरली, नुकसान ठरले, की मग ती रक्कम त्या छताच्या वर जाणार नाही, एवढेच मूळ म्हणते. 'देऊ' या शब्दाने छताचे वचन झाले. साठ रुपयांत धुतला जाणारा एक जुना शर्ट घ्या, आजच्या बाजारात त्याचे दोनशे रुपयेही मुश्किलीने येतील. तो हरवला तर मूळ कलमाप्रमाणे भरपाई दोनशे, कारण नुकसानच तेवढे. सोप्या मराठीप्रमाणे मात्र सहाशे, कारण 'दहापट देऊ' असे कंपनी स्वतःच म्हणाली आहे. शिवाय चूक कोणाची हा प्रश्नच या वाक्यात उरत नाही. भारतीय करार कायद्याची कलमे १५१ आणि १५२ सांगतात, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य समजूतदार माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. ती घेतली असेल आणि वेगळे काही ठरले नसेल, तर झालेल्या नुकसानीस तो जबाबदार नाही. मूळ कलमात 'दायित्व' या शब्दाने हा प्रश्न खुला राहतो. 'हरवला तर देऊ' म्हटल्यावर हे 'वेगळे काही' ठरूनच जाते, आणि पुरात दुकान बुडाले तरी द्यावे लागेल असा अर्थ काढायला जागा होते.

आता कठोरपणा. मूळ कलमात पुढे उद्भवणारे नुकसान तेवढे नाकारले आहे, आणि तेही कायद्याची मुभा असेल तेथवर. सोप्या मराठीत 'याशिवाय कशालाही' आले आणि त्या दोन्ही हद्दी पुसल्या गेल्या. कपडे न्यायला आलेल्या मुलाच्या हातून दारातला दिवा फुटला, तर मूळ कलमाप्रमाणे त्याबद्दल विचारता येते. सोप्या रूपाप्रमाणे नाही. ग्राहकाला त्याच्या हक्काबद्दल खोटे सांगितले गेले, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. मला ही गोष्ट अवघड भाषेपेक्षा जास्त गंभीर वाटते. जे कळले नाही त्याबद्दल माणूस निदान कोणाला तरी विचारतो, पण स्पष्ट कळलेल्या चुकीवर तो विश्वास ठेवतो आणि घरी बसतो.

दिव्याच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट बाहेर येते. 'संबंधित कपड्याच्या शुल्काच्या दहापट' ही मर्यादा दिव्याला कशी लावायची? कोणता कपडा संबंधित? हा खड्डा मुळातच आहे, बोजड भाषेखाली झाकलेला. रूपांतर करणाऱ्याने तो आपल्या मनाने बुजवायचा नसतो. ज्याने मूळ लिहिले त्याला प्रश्न पाठवायचा, उत्तर लेखी घ्यायचे आणि मग वाक्य लिहायचे. अशा प्रश्नांची यादी हा या कामातला सर्वांत मोलाचा कागद असतो, कारण वाद उभा राहिला की वकील नेमके तेच प्रश्न विचारणार असतात.

मग हे कलम साध्या मराठीत कसे असावे? मी ते असे लिहीन :

'तुमच्या कपड्याचे आमच्याकडून नुकसान झाले आणि त्याची भरपाई देणे आमच्यावर बंधनकारक ठरले, तर कपड्याच्या प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई तुम्हाला मिळेल. पण ती पुढील दोन रकमांपैकी जी लहान असेल तिच्यापेक्षा जास्त नसेल : त्या कपड्याच्या धुलाईच्या दराची दहापट, किंवा २,००० रुपये. नुकसानीचे कारण कोणतेही असले तरी मर्यादा हीच. प्रत्येक कपड्याची मर्यादा वेगळी धरली जाईल.

'उदाहरणे : ६० रुपये धुलाईचा शर्ट हरवला, तर मर्यादा ६०० रुपये. त्या वेळी शर्टाची किंमत २०० रुपये असेल तर भरपाई २०० रुपये. ४५० रुपये ड्रायक्लीनिंगची पैठणी हरवली, तर दहापट ४,५०० रुपये होतात, पण मर्यादा २,००० रुपयेच, पैठणीची किंमत कितीही असली तरी.

'कपडा हाती नसल्यामुळे पुढे होणारे नुकसान आम्ही भरून देणार नाही. उदाहरणार्थ, दुसरा कपडा भाड्याने आणावा लागणे किंवा कामाची संधी हुकणे. या प्रकारचे इतर नुकसानही यात येते.

'जी भरपाई टाळण्याची किंवा कमी करण्याची मुभा कायदा आम्हाला देत नाही, तिला वरच्या मर्यादा लागू नाहीत.'

हे मुळापेक्षा लांब आहे, हे मान्य. साधे म्हणजे थोडक्यात, हा समज सोडावा लागतो. मूळ वाक्याची लांबी एकाच श्वासात चार गोष्टी सांगण्याची होती. इथे त्या चार गोष्टींना चार जागा मिळाल्या. उदाहरणांबद्दल मात्र सावध राहायला हवे, कारण करारात छापलेले उदाहरण करारच होते. म्हणून एकच उदाहरण देऊन भागत नाही. फक्त पैठणीचे दिले असते तर 'मर्यादा म्हणजे २,०००' एवढेच लक्षात राहिले असते आणि शर्टवाला फसला असता. दोन रकमांची तुलना असेल तर दोन्ही बाजूंनी झुकणारी उदाहरणे हवीत, आणि छत व भरपाई वेगळी असते हे दाखवणारा तिसरा आकडाही हवा.

'कायद्याने मुभा असेल तेथवर' हा तुकडा गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही. पण या विषयातला सगळा कस तिथेच लागतो. आपल्याकडच्या न्यायालयांनी अशा मर्यादांबद्दल दोन्ही दिशांचे निकाल दिले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाचा १९६६ च्या निकालसंग्रहातला लिली व्हाइट लाँड्रीचा खटला प्रसिद्ध आहे. धुवायला दिलेली नवी साडी हरवली. पावतीच्या पाठीमागे छापले होते, की कपडा हरवल्यास बाजारभावाच्या निम्मी रक्कमच मिळेल. न्यायालयाने ती अट मानली नाही. निम्मी किंमत देऊन लोकांचे कपडे ठेवून घेता येऊ लागले तर अप्रामाणिकपणालाच बक्षीस मिळेल, आणि अशी अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. याच्या उलट, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात मर्यादा उचलून धरली. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे पोचली नाहीत, निर्यातदाराचे नुकसान लाखांत होते, पण कुरिअरच्या चिठ्ठीवर शंभर डॉलरची मर्यादा छापली होती आणि पाठवणाऱ्याची त्यावर सही होती. न्यायालयाने सही करणाऱ्याला त्या अटीने बांधले.

त्यानंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याने 'अन्याय्य करार' ही कल्पना प्रथमच कायद्याच्या व्याख्येत आणली. ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट तीत बसते, आणि राज्य आयोगाला अशी अट रद्द ठरवता येते. म्हणजे पैठणीच्या २,००० रुपयांचे काय होईल, हे आधीपासून सांगता येत नाही. रूपांतर करणाऱ्याला ते ठरवायचा अधिकारही नाही. त्याचे काम एवढेच, की अट जेवढी आहे तेवढीच दिसावी, आणि कायद्यासाठी ठेवलेले दार मराठीतही उघडे राहावे. ते दार गाळले तर कंपनीचे संरक्षणही गाळले जाते. या तुकड्यामुळे कंपनीला न्यायालयात म्हणता येते, की कायद्याने मना केलेले आम्ही मुळात मागितलेच नव्हते.

पुढचे अवघड कलम मुदतीचे आणि जागेचे असते. 'कपडा मिळाल्यापासून सात दिवसांत दावा न केल्यास दावा करता येणार नाही. सर्व दावे मुंबई न्यायालयांच्या अधिकारितेत.' मराठीत कंपनीकडे पैसे मागणे हाही दावा आणि कोर्टात जाणे हाही दावाच. या एका शब्दामुळे ग्राहकाला वाटते, की आठव्या दिवशी सगळेच संपले. कायदा तसे म्हणत नाही. ठरावीक मुदतीनंतर न्यायालयात हक्क मागण्याची वाट बंद करणारा करार करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. तक्रार ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. नांदेडच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

म्हणून इथे दोन क्रियांसाठी दोन वेगळे शब्द वापरून शेवटपर्यंत ते पाळायचे. कंपनीकडे 'भरपाईची मागणी', आयोगाकडे 'तक्रार'. मग वाक्य असे होते : 'कपड्यात काही बिघाड दिसला तर कपडा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सात दिवसांत आम्हाला कळवा. कपडा ३ तारखेला मिळाला तर १० तारखेपर्यंत. त्यानंतर केलेली भरपाईची मागणी आम्ही नाकारू शकतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याच्या तुमच्या हक्कावर याचा परिणाम होत नाही.' शेवटचे वाक्य मुळात नाही, आणि ते घालायचे की नाही हे कंपनीच्या वकिलाने ठरवायचे. पण ते घातले नाही तर कोणते गैरसमज होतील, हे त्यांना लिहून द्यायला हवे. हरवलेल्या कपड्याची मुदत कधीपासून धरायची, हाही प्रश्न त्याच कागदावर जातो, कारण तो कपडा मिळालेलाच नसतो.

मला यात सर्वांत खटकणारी गोष्ट पानाच्या तळाशी असते. 'हे भाषांतर केवळ सोयीसाठी आहे. तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल.' ही ओळ घालून लोक निर्धास्त होतात आणि मग मराठीची जबाबदारी कोणी घेत नाही. वकील इंग्रजीवर सही करतो आणि मराठी कोणीही करतो. ज्याने मराठी निवडून, मराठी वाचून चौकोनावर खूण केली, त्याला न वाचलेल्या मजकुराने बांधायचे, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही ती फारशी भक्कम नाही. करारातला संदिग्ध शब्द तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व आपली न्यायालये वापरत आली आहेत, आणि मराठी मजकूर कंपनीनेच लिहिलेला असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीतून घेण्याचे बंधन घातले आणि आधीच खूण केलेले चौकोन बंद केले. वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्याने संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे आवश्यक केले, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. तो कायदा फक्त माहितीपुरता आहे, भरपाईच्या कलमांना लागू नाही, हे खरे. तरीही संमती कळलेल्या भाषेत हवी, ही दिशा त्यातून स्पष्ट दिसते. म्हणून माझी भूमिका अशी, की मराठी निवडणाऱ्यासाठी मराठी मजकूरच करार असावा, आणि वकिलाने तोच तपासून मंजूर करावा. तसे करायचे नसेल तर 'इंग्रजी ग्राह्य' ही ओळ तळाशी न ठेवता अगदी वर, ठळक आणि साध्या शब्दांत ठेवावी. म्हणजे वाचणाऱ्याला निदान कळेल, की हे पान त्याच्या कामाचे कितपत आहे.

मजकूर बरोबर उतरला की नाही, हे तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे मराठीचे पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहणे. तिने शब्द जुळतात, परिणाम जुळतोच असे नाही. 'देऊ' चे परत इंग्रजी करणारा ते निमूटपणे करील, छताचे वचन झाले हे त्याला दिसणार नाही. त्याऐवजी प्रसंग ठरवावेत. साठ रुपये धुलाईचा जुना शर्ट हरवला. पैठणीची जर काळी पडली. दोन कपडे एकाच फेरीत हरवले. तीन तारखेला मिळालेल्या कुर्त्यावरचा डाग अकरा तारखेला कळवला. काही वाचकांना फक्त मराठी पान द्यावे आणि प्रत्येक प्रसंगात किती पैसे मिळतील, कोणाकडे जाता येईल, एवढेच विचारावे. तेच प्रसंग वकिलाला द्यावेत आणि त्याने मूळ पानावरून उत्तरे लिहावीत. जिथे उत्तरे वेगळी येतील तिथले वाक्य चुकले. वाचकांची उत्तरे आपापसांतच वेगळी आली तर वाक्य संदिग्ध आहे. आणि दोन वकिलांची उत्तरे वेगळी आली तर दोष मुळात आहे, मराठी कितीही घासलीपुसली तरी तो जाणार नाही.

ही चाचणी झाली की खरा विरोध समोर येतो, आणि तो भाषेबद्दल नसतो. पैठणीचे उदाहरण काढून टाका, असे सांगितले जाते. ग्राहक घाबरतील, म्हणतात. म्हणजे अट तीच ठेवायची आहे, फक्त ती कळू द्यायची नाही. इथे रूपांतर करणाऱ्याने ठाम राहायला हवे, आणि ते केवळ ग्राहकाच्या बाजूने म्हणून नाही. डीएचएलच्या खटल्यात मर्यादा टिकली ती सहीमुळे. अट ग्राहकाच्या नजरेस आणली होती का, तिला त्याने समजून संमती दिली होती का, हे प्रश्न अशा वादांत येतातच. पैठणीचे उदाहरण वाचून, तरीही चौकोनावर खूण करणाऱ्या ग्राहकासमोर कंपनीची बाजू जेवढी भक्कम असते, तेवढी 'आनुषंगिक अथवा परिणामस्वरूप' वाचून खूण करणाऱ्यासमोर कधीच नसते. आणि उदाहरण दाखवायलाच संकोच वाटत असेल, तर २,००० हा आकडाच बदलायला हवा, असे त्या संकोचातून निष्पन्न होते. तो बदलावा की नाही हे कंपनीने ठरवावे, पण ठरवताना तो तिच्या डोळ्यांसमोर असावा.

मर्यादा पानावर कुठे बसते, हेही शब्दांइतकेच महत्त्वाचे. सतराव्या कलमात ती कितीही सोपी लिहिली तरी कपडे देताना ती कोणी वाचत नाही. कपड्यांची नोंद होते तिथे, प्रत्येक कपड्याच्या दरासमोर अ‍ॅपला हिशेब करून एक आकडा दाखवता येतो : शर्ट, धुलाई ६० रुपये, भरपाईची कमाल मर्यादा ६०० रुपये; पैठणी, ड्रायक्लीनिंग ४५० रुपये, भरपाईची कमाल मर्यादा २,००० रुपये. कपडे न्यायला आलेल्या माणसाच्या पावतीवरही हाच रकाना छापावा. मग पैठणी द्यायची की नाही, हे ती कपाटातून बाहेर काढणाऱ्या बाईला पिशवी भरली जाण्याआधी ठरवता येईल.